चारीतील पाणी मोजताना वेग कोणता धरावा?

महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमानुसार पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद झाली. पाणी घनमीटरात विकत घ्यायचे, तर ते घनमीटरात मोजता आले पाहिजे. माझे मत असे, की ही मोजणी संस्थेच्या सभासदांनी स्वतः करावी आणि नोंदवहीत केवळ अंतिम आकडा न लिहिता त्यामागील मापेही लिहावीत. कारण चूक गुणाकारात क्वचितच होते. ती मापांत होते.

समलंब छेदाच्या मातीच्या चारीचे उदाहरण घेऊ. तळरुंदी ०.६० मीटर, बाजूंचा उतार दीडास एक, म्हणजे एक मीटर उंचीला दीड मीटर आडवे अंतर, आणि पाण्याची खोली ०.४० मीटर. पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी प्रत्येक बाजूस ०.६० मीटरने वाढून १.८० मीटर होते. तळ व पृष्ठभाग यांच्या रुंदीची सरासरी १.२० मीटर, तिला खोलीने गुणले असता छेदाचे क्षेत्रफळ ०.४८ चौरस मीटर येते.

आता वेग. चारीच्या सरळ, एकसारख्या भागात ३० मीटर अंतर आखून पाण्यात अर्धवट बुडणारे लिंबू सोडले आणि ते ६० सेकंदांत पार झाले, तर वेग सेकंदाला ०.५० मीटर. क्षेत्रफळ, वेग आणि ६० यांचा गुणाकार केला, की मिनिटाला १४.४ घनमीटर हा आकडा मिळतो. शालेय गणित येथे संपते. चारीतले गणित येथून सुरू होते.

लिंबाने दाखवलेला वेग हा प्रवाहाच्या मध्यावरील पृष्ठभागाचा असतो. तळाशी आणि काठांशी पाणी घर्षणामुळे मागे रेंगाळते, म्हणून संपूर्ण छेदाचा सरासरी वेग त्याहून कमी भरतो. त्यासाठी पृष्ठवेगास सामान्यतः ०.८५ ने गुणतात. तसे केल्यास सरासरी वेग ०.४२५ मीटर आणि प्रवाह मिनिटाला १२.२४ घनमीटर, म्हणजे १२,२४० लिटर येतो. आठ तासांच्या पाळीत या दोन आकड्यांतील तफावत सुमारे १,०३७ घनमीटर होते. सहा सेंटिमीटरच्या एका पाळीसाठी हेक्टरी ६०० घनमीटर लागतात. म्हणजे पावणेदोन हेक्टरांचे पाणी कागदावर मिळालेले, पण शेतात न पोचलेले असते.

दुसरी चूक खोलीची. चारीच्या उतरत्या काठावर पट्टी टेकवून ओली लांबी मोजली, तर या उदाहरणात ती ०.७२ मीटर भरते. तीच खोली समजल्यास क्षेत्रफळ ऐंशी टक्क्यांनी फुगते. खोली नेहमी तळापासून लंबरूप, पट्टी उभी धरूनच मोजावी.

तिसरी चूक गाळाची. तळाशी दहा सेंटिमीटर गाळ साचला असेल, तर प्रत्यक्ष तळरुंदी ०.९० मीटर आणि खोली ०.३० मीटर उरते, क्षेत्रफळ ०.४०५ चौरस मीटर होते. वेग तोच धरला, तरी प्रवाह मिनिटाला १०.३ घनमीटरांवर येतो. काठावरील खूण मात्र पूर्वीइतकेच पाणी दाखवत राहते. म्हणून नकाशावरील तळरुंदी न वापरता प्रत्येक हंगामाच्या आरंभी ती पुन्हा मोजणे आवश्यक आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. ०.८५ हा अंक अढळ नाही; उथळ, खडबडीत व गवत माजलेल्या चारीत तो दोन तृतीयांशापर्यंत घसरू शकतो. जोराचा वारा असेल तर लिंबू भरकटते. निदान तीन वेळा वेग मोजावा. एखादी वेळ इतरांपासून फार दूर गेली, तर लिंबू काठाला लागले असे समजून ती मोजणी पुन्हा करावी. एवढे करूनही हाती येतो तो अंदाजच. देयक ठरवण्यासाठी चारीच्या मुखाशी पार्शल फ्ल्यूमसारखे प्रमाणित मापनयंत्रच हवे.

मग तरंगत्या लिंबाचा उपयोग काय? मापनयंत्राचा आकडा आणि आपला अंदाज यांत दहा-पंधरा टक्क्यांचे अंतर असेल, तर ते स्वाभाविक मानावे. अंतर तिपटीने वाढले, तर गाळ, बुडालेले मापनयंत्र किंवा चुकीचे वाचन यांपैकी काहीतरी घडले आहे, हे त्याच दिवशी कळते. यासाठी वहीत तळरुंदी, पृष्ठरुंदी, खोली, तरंगण्याचा काळ आणि वापरलेला गुणक हे पाच रकाने असावेत. केवळ घनमीटरांच्या आकड्यावर वाद घालता येतो. ही पाच मापे मात्र दोन्ही पक्षांना चारीवर जाऊन पुन्हा घेता येतात.