आधी आठवडा, मग दिवस, शेवटी तास

शेअर बाजारात रोजची उलाढाल करणारे आपले बहुतेक व्यापारी तासाचा आलेख पाहून सौदा करतात आणि पैसे अडकले की आठवड्याचा आलेख उघडतात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आठवड्याच्या आलेखाने दिशा ठरवावी, दिवसाच्या आलेखाने भाव आणि तासाच्या आलेखाने फक्त वेळ.

13 मार्च 2020 चे उदाहरण घ्या. त्या सकाळी निफ्टी दहा टक्के कोसळून 45 मिनिटे व्यवहार थांबले. मग 8,555 च्या तळापासून तो उसळला आणि 9,955 वर बंद झाला. तासाचा आलेख पाहणाऱ्याला तेजी परतल्यासारखे वाटले. परंतु आठवड्याच्या आलेखात 13 आठवड्यांची सरासरी खाली वळलेली होती. दिवसाच्या आलेखात हा बंद भाव 20 दिवसांच्या सरासरीच्या हजाराहून अधिक अंशांनी खाली होता. म्हणजे ही मंदीतील उसळी होती. सोमवारी 16 तारखेला निफ्टी 9,197 वर बंद झाला आणि 24 मार्चला 7,511 पर्यंत घसरला.

तेजीत हाच क्रम असा चालतो. आठवड्याची सरासरी चढती असेल तरच खरेदीचा विचार करावा. मग दिवसाच्या आलेखात भाव उतरून 20 दिवसांच्या सरासरीजवळ येण्याची वाट पाहावी. तेथे तासाची एखादी कॅन्डल मागील कॅन्डलच्या उच्चांकावर बंद झाली की खरेदी करावी. स्टॉप लॉस मात्र दिवसाच्या आलेखातील ताज्या तळाखाली ठेवावा. तासाच्या तळाखाली ठेवला तर किरकोळ हेलकाव्यातच सौदा कापला जातो. अंतर वाढल्याने जोखीम जास्त वाटली, तर शेअर कमी घ्यावेत.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, चालू आठवड्याची कॅन्डल शुक्रवारपर्यंत अपुरी असते. बुधवारी दिसणारे वळण शुक्रवारी नाहीसे होऊ शकते, म्हणून पूर्ण झालेल्या आठवड्यांवरच निर्णय घ्यावा. दुसरे, आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो. त्यामुळे तासाच्या आलेखातील दिवसाची शेवटची कॅन्डल फक्त पंधरा मिनिटांची असते. तिच्यावरून सौदा करू नये.

या शिस्तीची किंमतही मोजावी लागते. 2020 मध्ये 13 आठवड्यांची सरासरी वर वळायला जूनचा मध्य उजाडला. तोवर निफ्टी दहा हजारांच्या आसपास पोहोचला होता. तळापासूनची सुमारे अडीच हजार अंशांची तेजी या पद्धतीने हातातून गेली. ज्याला तळच पकडायचा आहे त्याला हा मार्ग मानवणार नाही. पण मार्चमधील त्या शुक्रवारची खरेदी ज्याला टाळायची होती, त्याने ही किंमत आनंदाने द्यावी.