देवनारचा कचरा आणि सायबेरियाचा बर्फ : मिथेन ‘बॉम्ब’ नेमका कुठे आहे?

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनार डम्पिंग ग्राउंडला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. तिचा धूर ‘नासा’च्या उपग्रहांनीही टिपला होता. आग कशी लागली यावर वाद झाले, पण १९२७ पासून साचत आलेल्या या कचऱ्यात आगीला इंधन पुरवणारा एक वायू सतत तयार होतो. तो म्हणजे मिथेन. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडच्या गोठलेल्या जमिनीबद्दल हल्ली जी भीती व्यक्त होते, तीही याच वायूची आहे.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय?

सलग दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सायबेरिया, अलास्का आणि कॅनडातल्या या जमिनीत हजारो वर्षांपूर्वीची मुळे, गवत आणि प्राण्यांचे अवशेष न कुजता पडून आहेत. त्यातला कार्बन सुमारे दीड हजार अब्ज टन आहे. आज हवेत जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट.

थोडक्यात, हा फ्रीजरमध्ये ठेवलेला कचरा आहे आणि आता फ्रीजरचे दार उघडे राहू लागले आहे.

वितळल्यावर काय होते?

वितळलेली जमीन कोरडी असेल, तर जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाणी साचले, तर ऑक्सिजन आत पोहोचत नाही. मग वेगळ्या जातीचे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. देवनारच्या ढिगाच्या पोटातही हेच घडते.

मात्र तयार झालेला सगळा मिथेन हवेत जात नाही. वरच्या कोरड्या मातीतले काही जिवाणू तो खाऊन टाकतात. पण जमिनीत बर्फाचे प्रमाण जास्त असेल, तर बर्फ वितळताच ती खचते आणि तिथे तळे तयार होते. तळ्यातून मिथेन बुडबुड्यांनी थेट वर येतो, जिवाणूंना तो गाठताच येत नाही. अलास्कात हिवाळ्यात हे बुडबुडे तळ्यावरच्या बर्फात अडकतात. बर्फाला भोक पाडून काडी लावली, की भडका उडतो. हा वायू किती जुन्या अवशेषांतून आला, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून कळते.

हा ‘टिपिंग पॉइंट’ आहे का?

कसोटी सोपी आहे : तापमानवाढ थांबली, तरी वितळणे स्वतःच्या जोरावर सुरू राहील का? एखाद्या तळ्यापुरते उत्तर ‘हो’ असू शकते. पाणी उष्णता धरून ठेवते, त्यामुळे एकदा तळे झाले की खालची जमीन वितळत राहते. पण अख्खा पर्माफ्रॉस्ट एकाच दिवशी कोसळेल, असा एकच आकडा शास्त्रज्ञांना सापडलेला नाही.

आयपीसीसीच्या अंदाजानुसार, दर एक अंश तापमानवाढीमागे २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून सुमारे ६६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. म्हणजे माणसाचे आजचे साधारण दीड वर्षाचे उत्सर्जन. अंदाजाची मर्यादा मोठी आहे, ११ ते १५० अब्ज टन. मिथेनचा परिणाम यापेक्षा वेगळा. म्हणजे हा बॉम्ब नाही, बंद न करता येणारी गळती आहे. एकदा निसटलेला कार्बन त्या जमिनीत परत साठायला हजारो वर्षे लागतील.

मग आपला संबंध काय?

‘बॉम्ब’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. बॉम्ब फुटणारच असेल, तर आपण काय करणार, असे वाटू लागते. गळती मात्र तापमानाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अंशाचा प्रत्येक दहावा भागही महत्त्वाचा ठरतो.

तो भाग वाचवण्याचा एक मार्ग आपल्याच शहरात आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह अभ्यासात मुंबईतल्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन बाहेर पडताना आढळला. हाच वेग वर्षभर धरला, तर सुमारे ८६ हजार टन होतात. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट उष्णता अडवतो. म्हणजे हे जवळपास ६९ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे झाले.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो. त्यामुळे तो आज रोखला, तर फायदा आपल्याच पिढीला दिसेल. सायबेरियाच्या तळ्यांवर झाकण घालता येत नाही. कचराभूमीवर मातीचा थर देऊन वायू पाइपने गोळा करता येतो आणि ओला कचरा तिथे पोहोचण्याआधीच वेगळा करता येतो. देवनारचा जुना कचरा हटवण्याची निविदा महापालिकेने २०२५ मध्ये काढली. पण ओला कचरा मिसळूनच येत राहिला, तर एका जागेचा मिथेन दुसऱ्या जागी जाईल, एवढेच.