चार ओळींतलं खोटं



बालवर्गाच्या बाईंचा निरोप तुम्हालाही येत असेल. घरातली एक वस्तू हातात घेऊन मुलाला बोलू द्या, आवाज रेकॉर्ड करा आणि तो काय बोलला ते माझ्या नोंदवहीसाठी तीन-चार ओळींत लिहून पाठवा. हे काम आपण सगळ्याजणी करतो. आणि स्पष्टच सांगते, आपल्यातल्या बहुतेकजणी ते खोटं करतो. सुरुवात माझ्यापासूनच करते.

माझ्या पाच वर्षांच्या मुलाने सासूबाईंचं पाणी गाळायचं गाळणं घेतलं. जेमतेम दोन मिनिटं बोलला. “हे आजीचं गाळणं. दुहेरी आहे. ह्यातनं पाणी ओतायचं. मग वर जीव राहतात, लई बारके, दिसत नाहीत. मग आजी ते उलटं धरते अन् वरनं पाणी घालते, म्हणजे ते परत... परत...” मी विचारलं, “कुठं?” “विहिरीत जातात. पण आमच्यात विहीर नाही, नळ आहे. मग आजी कुंडीत ओतते. नळाचे जीव कुंडीत राहतात का? आई म्हणाली, फिल्टर आहे की. मग आजी जेवलीच नाही.”

आणि मी लिहिलं: ‘गाळलेले पाणी पिणे ही आपली परंपरा आहे. यामुळे सूक्ष्म जीवांचे रक्षण होते, अशी सुंदर माहिती त्याने आत्मविश्वासाने दिली. अहिंसेचे महत्त्व त्याला समजले आहे.’

‘अहिंसा’ हा शब्द पोराच्या तोंडात एकदाही आला नव्हता. तो माझा होता. या ओळी तुमच्या मुलाच्या नावाखालीही खपल्या असत्या, आणि खोटी नोंद ओळखायची खूण हीच.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातला एक कूटलेखक्रिया. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ असा लावला आहे की, दुसऱ्याने जे म्हटलं नाही ते त्याने म्हटलं असं फसवण्यासाठी लिहिणं. आपण हा अतिचार व्यापाऱ्यांच्या खोट्या वह्यांवर ढकलून मोकळ्या होतो. मग बाईंच्या वहीत आपण काय लिहितो?

“एवढंसं तर आहे, मुलाचं चांगलंच दिसतं ना,” असं माझी जाऊ म्हणाली. चांगलं कुणाचं दिसतं? आपल्या संस्कारांचं. बाईंना हवं असतं ते वेगळंच. मूल गोष्टी क्रमाने सांगतं का, ‘पण’, ‘मग’, ‘म्हणजे’ वापरून कारण जोडतं का, कुठे अडतं, त्याला कशाचा प्रश्न पडला आहे. ‘सुंदर’ आणि ‘आत्मविश्वास’ यातलं काहीच सांगत नाहीत. पोराचा कुंडीचा प्रश्न मी गाळून टाकला आणि चोथा पाठवला.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग परत ऐकलं. पहिल्यांदा हातात पेन न घेता, नुसतं. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत क्रम टिपला, एक वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि मी कुठे मधे बोलले त्यावर खूण केली. मग नवी नोंद लिहिली:

‘पाणी गाळायचे दुहेरी गाळणे दाखवले. गाळणे, ते उलटे धरणे, वरून पाणी घालणे हा क्रम न विचारता सांगितला. पुढे अडखळला, मी “कुठं?” विचारल्यावर “विहिरीत” म्हणाला. घरी विहीर नसल्याने आजी ते कुंडीत ओतते असे सांगून स्वतःहून विचारले, “नळाचे जीव कुंडीत राहतात का?”’

कौतुकाचं एकही विशेषण नाही. ‘लई बारके’ मावलं नाही, याची हळहळ वाटली. पण चार ओळींत सगळं मावत नाही. काय सोडायचं ते ठरवावं लागतं. माझा नियम असा की प्रश्न आणि क्रम आधी, बाकीचं नंतर.

फिल्टरवरून झालेली कुरबूर मात्र जाणूनबुजून सोडली. घरातली आतली गोष्ट बाहेर फोडणं हा रहोभ्याख्यान, त्याच यादीतला दुसरा अतिचार. “मग सोडणं हेही खोटंच की,” असं कुणी म्हणेल. नाही. न लिहिणं आणि न बोललेलं लिहिणं यात फरक आहे. बाईंना मुलाचं बोलणं समजायला सासूबाईंचा उपास लागत नाही.

पाठवण्याआधी नोंद पोराला वाचून दाखवली. “असंच म्हणालास ना?” तो म्हणाला, “हो. पण राहतात का ते सांग की.”

पहिली नोंद वाचून दाखवली असती तर त्याने विचारलं असतं, हे कोण बोललं?