सात ते चारचे तेरा ते सात

मंडळातल्या एका ताईंनी यंदा एक जुना फोटो पाठवला. सांगलीच्या अंगणात त्यांच्या आईंनी काढलेली ठिपक्यांची रांगोळी. आई आता नाहीत, वही सापडत नाही, उरला तो हा एकच फोटो, तोही उभ्याने तिरका काढलेला. “हीच रांगोळी हॉलच्या दारात मोठी काढायची आहे, किती ठिपके लागतील?” हा त्यांचा प्रश्न.

आधी फोटोतले ठिपके मोजू. तिरक्या फोटोत जवळच्या ओळी ऐसपैस आणि लांबच्या दाटीवाटीने दिसतात. म्हणून अंतरावर विश्वास ठेवायचा नाही, पण संख्या काही बदलत नाही. पहिल्यांदा पाहायचं, की वरच्या ओळीचा ठिपका खालच्या ठिपक्याच्या बरोबर डोक्यावर आहे की दोन ठिपक्यांच्या मध्ये. इथे तो मध्ये आहे. मग जवळच्या ओळीपासून मोजलं: ४, ५, ६, ७ आणि पुढे पुन्हा ६. ओळ लहान व्हायला लागली, म्हणजे सातची ओळ मधली. त्यापुढच्या दोन ओळी पणत्यांच्या उजेडात पुसट झाल्यात, पण त्या ५ आणि ४ असणार. रांगोळीच्या पुस्तकात चित्राखाली छापतात तसं हे “७ ते ४”. एकूण ठिपके ३७.

अंदाज बरोबर आहे का, याची खूण सोपी आहे. खालच्या ओळीच्या डाव्या टोकाच्या ठिपक्यापासून उजवीकडे वर तिरकं मोजत जा, तिथेही सातच ठिपके भरले पाहिजेत. दुसऱ्या टोकाकडूनही सात. रंगाखाली एखादा ठिपका झाकला गेला असेल, तर जिथे रेघ वळते तिथे तो बहुधा सापडतो.

आता दुप्पट करू. पटकन तोंडात येतं, साताचे चौदा आणि चाराचे आठ. तसे ठिपके मांडले, तर चित्र बसत नाही. कारण रेघ ठिपक्याची नसते, दोन ठिपक्यांमधल्या जागेची असते. सात ठिपक्यांत जागा सहा. सहाच्या दुप्पट बारा, आणि बारा जागांना ठिपके तेरा. कडेच्या चार ठिपक्यांत जागा तीन, दुप्पट सहा, म्हणून ठिपके सात. ताईंना हवी ती “१३ ते ७”. एकूण ठिपके १२७, म्हणजे चित्र दुप्पट, पण ठिपके साडेतीनपटीच्या आसपास. मांडायचा वेळही त्याच हिशेबाने धरा. मूळ चित्रात जी रेघ एक जागा ओलांडत होती, ती आता दोन जागा ओलांडेल आणि मधल्या ठिपक्यावरून सरळ जाईल.

मधले आकडे, म्हणजे “९ ते ५” किंवा “११ ते ६” का चालत नाहीत? नऊ ठिपक्यांत जागा आठ. सहाच्या आठ करायच्या, तर एक जागेची रेघ सव्वापेक्षा थोडी जास्त होते आणि तिचं टोक दोन ठिपक्यांच्या मध्येच लोंबकळतं. या मापांत मूळ चित्र तसंच ठेवून भोवती एक किंवा दोन वेढ्यांची नक्षी वाढवता येते, चित्र मात्र मोठं होत नाही.

कुणी म्हणेल, ठिपके सातच ठेवा आणि अंतर वाढवा. हॉलच्या दारात चार फूट जागा आहे. सहा जागांत ४८ इंच, म्हणजे दोन ठिपक्यांत आठ इंच. आठ इंच मोकळ्या फरशीवर चिमटीतून सरळ रेघ ओढणं सवयीच्या हातालाही जड जातं. तेरा ठिपके घेतले, तर अंतर चार इंचांवर येतं आणि मधला ठिपका हाताला आधार देतो. वाढवलेले ठिपके त्यासाठीच असतात.

शेवटची गोष्ट ओळींची. ठिपके चार इंचांवर म्हणून ओळीही चार इंचांवर घेतल्या, तर फूल उभट होतं. मधल्या ठिपक्यांच्या रांगोळीत दोन ओळींमधलं अंतर ठिपक्यांच्या अंतराच्या साधारण सात अष्टमांश लागतं, म्हणजे इथे साडेतीन इंच. त्यामुळे रांगोळी चार फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच होईल. जाड कागदावर एवढं आखून उदबत्तीने भोकं पाडण्याआधी तिरकी मोजणी पुन्हा करा. तीनही दिशांना तेरा आले, की उदबत्ती पेटवा.