ओकारीला मेहनत म्हणणारा समाज

पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या काठाने किंवा विद्यापीठाच्या परिसरात जा. पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतील. त्यातला एखादा धाव संपवून कठड्याला टेकून ओकत असतो, आणि त्याच्या पाठीवर थाप पडते, "शाब्बास, आज जोर लावलास!" ही शाबासकी मला गुन्हा वाटते. कुस्तीच्या गावात हे म्हणणे धाडसाचे आहे, हे मी जाणतो.

भरतीचे मैदान 50 गुणांचे. पुरुषांसाठी 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि 7.260 किलोच्या गोळाफेकीला 15. 1600 मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत यावे लागते, म्हणजे 400 मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. दम, वेग आणि ताकद ही तिन्ही एकाच अंगात हवीत. त्यामुळे धावणे आणि वजन उचलणे एकाच आठवड्यात बसवावे लागते, त्यातून सुटका नाही. फी घेणाऱ्या बऱ्याच अकादमींचे त्यावरचे उत्तर एकच असते: सगळेच रोज, आणि सगळेच जीव तोडून.

कागलकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराचा आठवडा मांडून बघू. सहाही सकाळी घड्याळ लावून 1600 मीटर पूर्ण वेगाने. पाच संध्याकाळी जिममध्ये खांद्यावर बार घेऊन बैठका, पाय थरथरेपर्यंत. सुरुवातीला वेळ 6 मिनिटे 5 सेकंद असते. महिनाभरात ती 5:52 वर येते, घरी पेढे वाटले जातात. पुढे ती तिथेच अडते आणि मग 5:58 होते. गोळा तर पहिल्यापेक्षा जवळ पडू लागतो. झोप तुटते, सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त लागते, नडगी ठणकते. सर म्हणतात, तू कमी पडतोस. वडील म्हणतात, एवढा खुराक घालतोय तो जातो कुठे? तो काय करतो? सातव्या सकाळीही धावतो.

हे कोडे जुने आहे. 1980 साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने तीन गट घेतले. एक फक्त वजने उचलणारा, एक फक्त दमाचा व्यायाम करणारा, आणि एक दोन्ही करणारा. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांचा दम फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला. त्यांची ताकद मात्र सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, तिथे थांबली आणि शेवटी घसरली. यावरून "धावणे ताकद खाते" असे सरसकट सांगतात, पण त्या प्रयोगातला दम कसला होता ते कुणी सांगत नाही. आठवड्यातले सहाही दिवस जोराचे: तीन दिवस सायकलवर जवळजवळ पूर्ण क्षमतेचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे, तीन दिवस ठरल्या वेळेत होईल तितके लांब धावणे. त्यात संथ दिवस एकही नव्हता. आपल्या पोरांना आपण त्याच तिसऱ्या गटात ढकलले आहे, तेही फी घेऊन.

1600 मीटर ही पाच मिनिटांहून लांब धाव आहे, तिची बहुतेक ऊर्जा प्राणवायूवर तयार होते. ती यंत्रणा वाढते संथ, लांब धावण्याने. हृदयाची एका ठोक्याची फेक वाढते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि हे होताना पायांची इतकी झीज होत नाही की संध्याकाळचा बार उचलवणार नाही. संथ म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे इतके. आपल्या 6:05 वाल्या पोराला किलोमीटरला सहा मिनिटे धरली तरी चालतील. पण असे धावताना तो दिसला की पारावरचा कुणीतरी विचारतोच, "काय रे, मॉर्निंग वॉकला निघालास काय?" त्या एका टोमण्याने पोरगा वेग वाढवतो. मग धाव संथही राहत नाही आणि पुरेशी वेगवानही होत नाही, पाय मात्र थकतात. पुढच्या आठवड्याचा खरा जोराचा दिवस तिथेच वाया गेलेला असतो.

त्याच पोराचा आठवडा मी असा लावीन. सोमवारी सकाळी 400 मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी साधारण 88 सेकंदांत, मध्ये 200 मीटर रमतगमत पळणे. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात आली पाहिजे. मध्येच वेळ घसरली तर सुरुवात चुकीच्या वेगाने झाली, असे समजायचे आणि तिथेच थांबायचे. त्याच संध्याकाळी, किमान सहा तासांनी, पायांची वजने: बैठकांचे पाच-पाचचे तीन सेट, अजून दोन निघाल्या असत्या असे वाटताना बार खाली. दोन्ही जड कामे एकाच दिवशी ठेवण्याचे कारण एवढेच की मंगळवार खरोखर हलका मिळावा. मंगळवारी 40 मिनिटे संथ. बुधवारी खांदे, छाती, पाठ आणि गोळ्याचे तंत्र, धावणे नाही. गुरुवारी 100 मीटरसाठी छोटे वेगवान तुकडे, मध्ये पूर्ण विश्रांती, आणि संध्याकाळी पुन्हा पाय, सोमवारपेक्षा हलके. शुक्रवारी 40 मिनिटे संथ, शनिवारी तासभर संथ. रविवारी काही नाही. दर चौथ्या आठवड्याला हे सगळे तिसऱ्या हिश्श्याने कमी. घड्याळ लावून पूर्ण 1600 मीटर महिन्यातून एकदा बस्स, कारण परीक्षा देत राहिल्याने अभ्यास होत नाही.

नडगीचेही सांगतो. आतल्या कडेला वीतभर पसरलेले दुखणे धावणे कमी केले की बहुधा ओसरते. पण एका बोटाच्या टोकाखाली सापडणारी, त्या पायावर उडी मारताच कळ देणारी, रात्रीही ठणकणारी जागा म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची शंका. तिथे धावणे बंद आणि अस्थितज्ज्ञ. गोळी खाऊन मैदानात उतरायला सांगणारा माणूस गुरू नव्हे.

दोषी एकटे सर नाहीत. दमाचा पाया घालायला चार-सहा महिने लागतात आणि जाहिरात कधी निघेल ते सरकार सांगत नाही. निघाली की पोरं उरलेल्या आठवड्यांत वर्षाची मेहनत कोंबतात. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवार दगावले. तेव्हा अंतर कमी केले, तारखांचा बेभरवसा तसाच राहिला. आणि आपण? 1912 साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत जिंकणाऱ्याला डोक्यावर घेतो, पण मेहनतीच्या दुसऱ्या दिवशी झोपलेल्या पोराला ऐतखाऊ म्हणतो.

मुलींचा हिशेब याहून वाईट. त्यांना 800 मीटर आणि 4 किलोचा गोळा असतो, म्हणजे गरज तीच. पण संथ धावायला वेळ लागतो आणि उघडा रस्ता लागतो. गोठा आणि स्वयंपाक आटोपून तिच्या हाती वीस मिनिटे उरतात. गाव उठायच्या आत परतायचे म्हणून ती अंधारात भरधाव धावते, रोज, कारण सावकाश धावणाऱ्या मुलीकडे बघणारे डोळे जास्त असतात. जिममध्ये तिला कुणी बारजवळ उभे राहू देत नाही, मग गोळा लांब जात नाही, आणि आपण म्हणतो, पोरींच्या अंगात जोरच नसतो. आठवड्यातले तिचे तीन संथ दिवस आपण खाल्ले आहेत. ते परत द्यायचे तर शाळेच्या मैदानाचे कुलूप सकाळी सहाला निघाले पाहिजे, तिथला दिवा लागला पाहिजे, आणि त्या तीन सकाळी धारा तिच्या भावाने काढल्या पाहिजेत.