दुकानाचा ताळेबंद आणि सल्लागाराचे पत्र



आमच्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब तालुक्याच्या गावी खते, बियाणे व औषधांचे दुकान चालविते. विक्री वर्षाला 60 लाखांची, वहीत नफाही दिसतो. पण मृगाच्या तोंडावर घाऊक व्यापाऱ्याला द्यायला पैसा नसतो. थोरले भाऊ आणखी कर्ज काढणार होते. तत्पूर्वी त्यांनी ताळेबंद एका हिशेबतज्ज्ञांना दाखविला. त्यांच्या पत्रातील मुख्य भाग, घरच्यांच्या संमतीने, खाली देतो. तुमच्या घरी दुकान वा डाळमिल असेल तर आपली वही जवळ घेऊन वाचा.

"31 मार्चला आपल्याकडे माल 9 लाखांचा, उधारीचे येणे 14 लाख आणि रोकड 1 लाख, एकूण 24 लाख. वर्षाच्या आत द्यावयाचे 20 लाख. व्यापाऱ्यांचे 10 आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचे 10. चोवीसला विसाने भागले की 1.2 येते. हे चालू गुणोत्तर. बँका ते साधारण 1.33 असावे असे पाहतात. पण आपल्या उधारीतील 4 लाख वर्षाहून जुने आहेत. ते धरले नाहीत तर गुणोत्तर 1 वरच येते. हाती शिल्लक अशी काही उरत नाही.

"उधारीवर वर्षात 42 लाखांचा माल गेला आणि येणे 14 लाख, म्हणजे वसुलीस सरासरी चार महिने लागतात. आपण 54 लाखांचा माल घेतला, देणे 10 लाख. म्हणजे व्यापाऱ्याला सुमारे 68 दिवसांत पैसे देता. मधले जवळजवळ दोन महिने, आणि माल गोदामात पडून असतो ते दिवस, बँकेच्या व्याजावर निघतात.

"शिवाय नव्या गोदामाला 3 लाख कॅश क्रेडिटमधूनच घातलेत. भिंती वर्षात पैसा परत देत नाहीत. बँकेशी बोलून तेवढी रक्कम पाच वर्षांच्या मुदत कर्जात फिरवून घ्यावी. नवे कर्ज तूर्त नको. आधी उधारीची यादी महिन्यांप्रमाणे पाडा. जुनी बाकी असलेल्यास नवा माल रोखीनेच द्या. मुदत संपत आलेली औषधे वेगळी काढून कंपनी परत घेते का ते आताच विचारा."

माझ्याकडून एक पुस्ती. मार्चअखेर खरिपाचा माल दुकानात आलेला नसतो, म्हणून त्या दिवसाचा आकडा ऑगस्टशी ताडू नये. गेल्या मार्चशी ताडावा.

यादी थोरल्या वहिनींनी काढली. चार लाखांपैकी निम्म्याहून अधिक बाकी भाऊबंदांकडेच निघाली. मागायला कोणी जावे, यावर दोन दिवस घरात बोलणे नव्हते. शेवटी धाकटे भाऊ वही घेऊन पहिल्यांदा गेले ते सख्ख्या मामांकडे.