तारेवरचं वाघूळ

मार्चमध्ये आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर ११ केव्हीच्या तारेला एक मोठं वाघूळ चिकटून मेलं. एक पंख एका तारेला लागला, दुसरा दुसरीला, खेळ खलास. येणारेजाणारे थांबून बघत. शेजारचे काका म्हणाले, "पाहा ना जी, मेल्यावरही उलटंच. पापी जीव हाय, देवानं टांगून ठेवलं." आठ दिवसांनी त्याचं कातडं वाळून पापड झालं, तरी ते पडेना. मग तर गावाची खात्रीच पटली.

त्या मढ्याइतका चांगला शिक्षक आमच्या तालुक्याला आजवर मिळालेला नाही, आणि त्याच्याकडून काही न शिकण्याचा पण गावाने केला आहे, म्हणून हे लिहितोय.

तुम्ही झाडाच्या फांदीला लोंबकळलात तर काय होतं? मुठीला जोर लावावा लागतो. जोर संपला की मूठ सुटते आणि तुम्ही खाली. वाघळाचं नेमकं उलट आहे. त्याच्या बोटांत, स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, तिची खालची बाजू खरखरीत असते, आणि ती ज्या नळीतून सरकते त्या नळीला आतून आडव्या वळ्या असतात. वाघूळ फांदीला नख्या अडकवतं, अंग सैल सोडतं आणि त्याच्याच वजनाने दोरी ताणून त्या वळ्यांत रुतते. वायरमन केबल बांधायला दात्यांची नायलॉनची पट्टी वापरतो, तसंच. ओढली की घट्ट, आपोआप सुटायची नाही. म्हणजे लटकायला त्याला काहीच करावं लागत नाही. कष्ट पडतात ते सुटताना. झोपेत पकड ढिली होत नाही, आणि मेल्यावर तर होण्याचं कारणच नाही. काका, देवाने टांगलेलं नाही ते. त्याचं कुलूप उघडणारं कोणी आत उरलं नाही, इतकंच.

"पण डोक्यात रक्त उतरत नाही का?" हा प्रश्न मला दर वेळी येतो, आणि विचारणाऱ्याने स्वतः शीर्षासन केलेलं असतं. अहो, तुमच्या तळपायापासून टाळूपर्यंत पाच-साडेपाच फूट उंचीचा रक्ताचा स्तंभ आहे. वाघळाचं सगळं शरीर फूटभर. एवढ्या उंचीचा दाब त्याचं हृदय सहज पेलतं. शिवाय त्याच्या पंखांतल्या बारीक शिरा स्वतःच आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात.

आणि ते तोंडाने खातं, तोंडानेच हगतं, ही आमच्याकडची सर्वांत लाडकी थाप. सकाळी दहा मिनिटं झाडाखाली उभं राहायची तयारी असेल तर ती तिथेच मरते. वाघूळ अंगठ्यांच्या नख्या फांदीत अडकवतं, पाय सोडतं, डोकं वर करून सुलटं होतं, कार्यक्रम उरकतं आणि पुन्हा उलटं. स्वतःच्या अंगावर घाण पडू न देणारं जनावर आहे ते. हे लिहिताना मला आमच्या बसस्टँडची भिंत आठवते, पण तो वेगळा विषय.

उलटं का, याचं उत्तर उडण्यात आहे. मोठ्या वाघळाचे पंख चार फूट किंवा त्याहूनही जास्त पसरतात, पाय मात्र काडीसारखे आणि गुडघे मागे वळलेले. जमिनीवरून उडी मारून हवेत जाणं त्याला जमत नाही. पण उंचावर टांगलेलं असेल तर नख्या सोडल्या, दोन हात खाली पडलं की पंखात हवा भरते. म्हणजे त्याचं अंथरूण हीच त्याची धावपट्टी. खाली पडलेलं वाघूळ खुरडत झाडाकडे जातं तेव्हा पोरं त्याला दगड मारतात, "उडत काऊन नाही" म्हणून.

आता गर्दीचं. इथे मला वाघळांची बाजू घेणाऱ्या आपल्याच लोकांनाही चार शब्द सुनवायचे आहेत. "किती प्रेमाने बिलगून राहतात" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला पुस्तक कशाला? ताटावर चमचाभर गरम भात ठेवा आणि भगोनंभर भात झाकून ठेवा. चमचा दोन मिनिटांत थंड, भगोनं तासभर गरम. कवेलूच्या फटीत राहणारं बारकं वटवाघूळ पाच-दहा ग्रॅमचं. ते म्हणजे चमचाभर भात. एकटं राहिलं तर खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच जळतं. शंभर चिकटून बसली की भगोनं होतं. आया रात्री किडे पकडायला जातात तेव्हा पिल्लं एकमेकांना घट्ट धरून असतात, कारण जे दूध उबेवर खर्च होत नाही ते वाढीला लागतं. या सोयीची किंमतही आहे: गोचिड्या, पिसवा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात आणि रोगही तसाच पसरतो.

चिंचेवरच्या मोठ्या वाघळाला मात्र हा हिशेब लागू नाही. ते किलोभराचं, पंखांत गुंडाळून घेतलं की पुरे. ते झाडावर शेकड्यांनी असतं, पण प्रत्येकाला पंखभर जागा हवी; जवळ आलेल्यावर ओरडतं, चावतं. ते जमतं ते उंच, सावलीचं, पाण्याजवळचं झाड दुर्मीळ म्हणून. संध्याकाळी ते तलावावरून जाताना पोट बुडवतं आणि मग ओली लव चाटतं. हे त्याचं पाणी पिणं. ज्या मोहाची फुलं वेचायला आमच्या बाया पहाटे अंधारात जातात, त्याच मोहावर ते रात्रभर असतं आणि परागही तेच वाहून नेतं. पण हे सांगून आमच्याकडे कुणाला लाज वाटल्याचं मी पाहिलेलं नाही.

एरवी अंतर राखून असतात म्हणूनच मे महिन्यात ही मोठी वाघळं एकमेकांना चिकटलेली दिसली, तर तो गोडवा नाही, धोका आहे. ऊन वाढलं की आधी ती पंखाने वारा घेतात. मग सावलीकडे सरकतात, धापा टाकतात, पंखांवर थुंकी चोपडतात. शेवटी खोडाच्या खालच्या अंगाला गठ्ठ्याने उतरतात आणि गठ्ठ्यात आणखी तापतात. ऑस्ट्रेलियात हे बारकाईने नोंदलं आहे: साधारण ४२ अंशांच्या पुढे ती पडायला लागतात. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ शेकडो मेली, तेव्हा लोकांना कोरोना आठवला. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेने तपासून उष्णतेने मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. उलटं लटकून डोक्यात रक्त उतरत नाही; सुलट्या माणसांनी सावली तोडली की उतरतं. आमच्याकडे पारा ४५ पार करतो.

आणि याच हंगामात आमच्या गावकारभाऱ्यांनी चिंचेच्या फांद्या छाटायचं ठरवलं. कारण काय तर घाण आणि अपशकुन. घाण मान्य. वाघळांत रोगाचे विषाणू असतात, हेही मान्य. उष्टं फळ खाऊ नका, मेलेलं हाताने उचलू नका. पण हाकलून ती गावातून जात नाहीत, पुढच्या झाडावर जातात, जास्त घाबरलेली आणि जास्त गर्दी करून. मादीला वर्षाला एकच पिल्लू, ते पोटाला चिकटलेलं. सरकारला तरी काय सांगावं? १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत 'उपद्रवी' म्हणून होती; ती यादी गेली २०२२च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून. पन्नास वर्षं लागली.

मी गावकारभाऱ्यांच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. एकाने विचारलं, "पण मास्तर, ते डोक्यावर पडलं तर?" फांद्या छाटल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांनी तार बदलायला लाइनमन आला. पाळीवरचं ते मढं अजून तिथेच होतं. खांबावर चढून त्याने आधी काठीने ढोसलं, मग ओढलं. शेवटी पक्कड काढली आणि एकेक बोट सोडवलं.